० बाइटचा फेरफार

शाहूपुरीतल्या एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी सर्च रिपोर्टचे मसुदे करते. जमीन तारण घेण्याआधी बँकेला तिच्या मालकीचा मागच्या तीस वर्षांचा इतिहास लागतो. सातबारा, आठ-अ, जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदवणारे फेरफार, सूची दोनचे उतारे असे सगळे कागद पक्षकार पाठवतात आणि ते वाचून कोणाकडून कोणाकडे जमीन कशी आली ते आम्ही क्रमाने लिहितो. हल्ली हे कागद फोनवर स्कॅन होऊन ऑफिसच्या ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये येतात.

करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं प्रकरण होतं. गुऱ्हाळ वाढवायला कर्ज हवं होतं आणि उसाची जमीन तारण द्यायची होती. कागद त्यांच्या नातवाने चढवले होते. फाइलींना नावं इतकी व्यवस्थित दिलेली की यादी बघूनच बरं वाटावं: `712_juna.pdf`, `8A.pdf`, `ferfar_1843.pdf`, `ferfar_2290.pdf`. यादीत सगळं होतं. १८४३ उघडायला गेले, तर फाइल उघडता येत नाही, तिचा प्रकार चालत नाही किंवा ती खराब झाली आहे, असा संदेश आला.

या संदेशावर थांबायचं नाही, हे मी या कामातच शिकले. खराब फाइल आणि रिकामी फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खराब फाइलमध्ये काहीतरी असतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरने कधीकधी त्यातली पानं निघतात. रिकाम्या फाइलमधून निघण्यासारखं काही नसतंच. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून तो एकच संदेश. फरक बघायला फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि आकार बघायचा. इथे आकार ० बाइट होता. पीडीएफ फाइलची सुरुवात `%PDF-` या अक्षरांनी होते. नोटपॅडमध्ये उघडल्यावर तीही नव्हती, नुसतं पांढरं पान होतं. म्हणजे फोल्डरमध्ये फाइलचं नाव आलं होतं, फाइल आली नव्हती.

फोल्डर मोठा असला तर एकेक फाइल बघत बसावं लागत नाही. विंडोजमध्ये त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ टाकली, की ० बाइटच्या पीडीएफची नावं समोर येतात:

```
for %f in (*.pdf) do @if %~zf==0 echo %f
```

आमच्या फोल्डरमध्ये एकच नाव आलं, १८४३.

रिपोर्ट सोमवारी बँकेत द्यायचा होता. माझ्या शेजारी बसणारा ज्युनिअर हुशार मुलगा आहे, कागद भराभर वाचतो. तो म्हणाला, "मॅडम, जुना सातबारा बघा की. वडलांचं नाव कंसात गेलंय, खाली थोरल्या मुलाचं नाव, पुढं वर्तुळात १८४३. वारसनोंदच हाय ही. सूची दोनमधी त्या सालात काय सापडलं न्हाई, म्हंजे विक्री न्हाई, बक्षीसपत्र न्हाई. लिहून टाका."

त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं, आणि म्हणूनच ते सविस्तर तपासायला हवं होतं. सूची दोनमध्ये फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. तिथे काही नसेल तर नोंदणीकृत खरेदीखताची शक्यता कमी होते, एवढंच. वारसनोंदीला नोंदणी लागत नाही. तशीच जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून झालेली वाटणीही सूची दोनमध्ये दिसत नाही. बाप हयात असताना वाटणी होऊन हा गट थोरल्याच्या वाट्याला आला असेल, तरी सातबारा असाच दिसेल. बाप वारल्यावर वारस लागले असतील, तरी असाच. पहिल्या परिस्थितीत हा माणूस एकटा मालक. दुसऱ्या परिस्थितीत आई, भाऊ, बहिणी यांचे हक्क जमिनीत आहेत, आणि त्यांच्या सह्यांशिवाय तारण अर्धवट राहतं. बँकेला नेमकं हेच विचारायचं असतं. त्याचं उत्तर फेरफाराच्या मजकुरात असतं, त्याच्या क्रमांकात नाही.

शिवाय असं वाक्य एकदा रिपोर्टात गेलं, की ते अंदाज म्हणून राहत नाही. "फेरफार क्र. १८४३ अन्वये वारसनोंद झाली" हे वाचणारा बँकेचा अधिकारी असंच धरून चालतो, की वकिलांनी फेरफार बघितला आहे. खाली साहेबांची सही असते. पाच वर्षांनी दुसरी बँक तोच रिपोर्ट आधाराला घेते. कोणी न वाचलेला कागद असा वाचलेल्या कागदांत जाऊन बसतो, आणि मग तो शोधून काढायला कोणाकडे काही खूणही उरत नाही.

मी मसुद्यात त्या रकान्यात असं लिहिलं:

"अनु. क्र. ७, `ferfar_1843.pdf`: फाइल ० बाइटची आहे, तिच्यात मजकूर नाही. फेरफार क्र. १८४३ आम्ही वाचलेला नाही. जुन्या ७/१२ वर या क्रमांकाने थोरल्या मुलाचे नाव दाखल झाल्याचे दिसते. ते वारसाने, वाटणीने की अन्य कारणाने, हे फेरफार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

या चार वाक्यांवर मी बराच वेळ घालवला. आधी "फेरफार उपलब्ध नाही" असं लिहिलं होतं, ते काढलं. त्यातून वाचणाऱ्याला वाटलं असतं की तलाठ्याकडेच नोंद नाही, आणि ते तर मला माहीत नव्हतं. "अस्पष्ट" हा शब्दही चालला नसता, कारण पुसट पान कोणी तरी भिंग लावून वाचू शकतं. काय आलं, त्यात काय नाही, दुसऱ्या कागदावरून किती कळतं आणि कुठे थांबावं लागतं, एवढंच राहू दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता अगं, त्यांना फोन लाव."

फोनवर आजोबा आधी जरा दुखावले. "असं कसं वो ताई? नातवानं माझ्यासमोर पाठवलीया. हिरवी खूण पण आली हुती." ते खरंच सांगत होते. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच, की फोनमध्ये जे होतं ते पोचलं. फोनमध्ये काहीच नसेल तर काहीच नाही तेसुद्धा यशस्वीपणे पोचतं. म्हणून तुम्ही पाठवली नाही असं मी म्हटलंच नाही. नातवाला फोन द्यायला सांगितला आणि त्याला त्याच्या फोनमधलीच फाइल उघडायला लावली.

हा प्रश्न आधी विचारावा, असं माझं पक्कं मत झालं आहे. फाइल पाठवणाऱ्याकडे नीट उघडत असेल तर ती वाटेत तुटली, आणि परत पाठवली की काम होतं. त्याच्याकडेच रिकामी असेल तर तीच फाइल दहादा पाठवूनही उपयोग नाही. नातवाच्या फोनमध्येही ती उघडेना, तपशिलात ० बी दिसत होतं. फोनची मेमरी गच्च भरली होती. सेव्ह करताना बऱ्याचदा नावाची नोंद आधी तयार होते आणि मजकूर मागून लिहिला जातो. जागा संपली तर नाव राहतं, मजकूर येत नाही. त्याने आधीच्या फाइली स्कॅन करेपर्यंत जागा होती, या फाइलला ती संपली. मी त्याला थोडे व्हिडिओ काढून टाकायला सांगितले, मूळ नक्कल परत स्कॅन करायला लावली, आणि पाठवण्याआधी स्वतः उघडून शेवटची ओळ मला वाचून दाखवायला सांगितली.

संध्याकाळी फेरफार आला. गाव नमुना सहाचं ते पान, निळ्या शाईतलं तलाठ्याचं तिरकं अक्षर. वारसनोंदच होती. पण वारसांच्या रकान्यात पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं: थोरल्या मुलाचे नाव ए. कु. मॅ. म्हणून दाखल. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सहा वारसांच्या वतीने सातबाऱ्यावर एकच नाव लागलं होतं, आणि आमच्याकडे आलेल्या सातबाऱ्यावर त्या नावापुढे ही तीन अक्षरं नव्हती. ज्युनिअर तो फेरफार दोनदा वाचून गप्प झाला. "वारसनोंद" हा त्याचा अंदाज बरोबर होता. पण त्याच्या पुढे आम्ही लिहिलं असतं "सबब थोरला मुलगा एकटा मालक", आणि ते चूक होतं. आजोबा स्वतःच ते थोरले. धाकटा भाऊ इचलकरंजीला, बहिणी आपापल्या सासरी. त्यांची संमती घ्यायला हवी हे त्यांना मनातून ठाऊक होतं, फक्त कागदाने कधी विचारलं नव्हतं. "बहिणींस्नी मी सांगतो, त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत," असं म्हणाले.

दुसरी फाइल, `ferfar_2290.pdf`, जास्त फसवी होती. तिचा आकार चांगला भरघोस होता, त्यामुळे वरच्या कमांडमध्ये ती सापडलीच नाही. उघडल्यावर पिवळट कोरं पान. झूम केलं तेव्हा खालच्या कोपऱ्यात गोल शिक्क्याचा उलटा ठसा दिसला, शाई पलीकडून फुटलेली. नातवाने पानाची पाठ स्कॅन केली होती. म्हणून आता मी आकार बघते आणि प्रत्येक पानही डोळ्याखालून घालते. आकार मोठा असला म्हणजे आत वाचायला काही आहेच, असं नाही.

हा २२९० सेवा सोसायटीचा बोजा कमी केल्याचा असावा, असं आजोबा म्हणत होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा कंसात गेला होता, आणि कंस म्हणजे नोंद कमी केल्याची खूण, तेव्हा ते जुळतही होतं. पण ती नक्कल त्यांना घरात सापडेना. पत्र्याच्या पेटीपासून देव्हाऱ्यामागपर्यंत शोधलं म्हणे. तलाठी कार्यालयातून नवीन नक्कल मिळायला सोमवार उलटणार होता.

रिपोर्ट सोमवारीच गेला. १८४३ च्या रकान्यात फेरफाराचा पूर्ण मजकूर, सहा वारसांची नावं आणि बाकी पाच जणांची संमती घ्यावी अशी शिफारस होती. २२९० पुढे लिहिलं: "आलेल्या फाइलमध्ये पानाची फक्त मागची कोरी बाजू आहे. फेरफार वाचलेला नाही. बोजा कमी झाल्याबाबत पक्षकारांचे तोंडी म्हणणे आहे, त्याची कागदावरून खात्री झालेली नाही." बँकेच्या अधिकाऱ्यांनी फोन करून एवढंच विचारलं, की नक्कल कधी येईल. कर्ज मंजुरीच्या पत्रात त्यांनी अट घातली, की २२९० ची नक्कल आणि सोसायटीचा ना-देय दाखला आल्याशिवाय रक्कम वाटप होणार नाही. आजोबांनी तलाठ्याकडे अर्ज दिला आहे.