टीव्हीमागचा एकच सॉकेट: लोडचा हिशेब आणि नवा बोर्ड

टीव्ही आणि गेमिंगचा सेटअप नव्याने लावायचं काम चालू आहे आणि त्यातला विजेचा भाग आता मार्गी लागला आहे. टीव्हीमागे भिंतीत ६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे आणि त्यावर कन्सोल, ५५ इंची टीव्ही, साउंडबार आणि राउटर अशी चार उपकरणं चालवायची आहेत. एक्स्टेंशन बोर्ड कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी एकूण करंट किती जातो ते मोजून घेतलं.

पहिली बेरीज उपकरणांवरच्या लेबलांवरून केली. कन्सोलवर ३५० वॅट, टीव्हीवर १९० आणि साउंडबारवर ६० लिहिलंय. साउंडबारच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट आहे, पण तो आवाजाच्या कमाल ताकदीचा आकडा असतो. विजेसाठी मागच्या बाजूचं छोटं लेबल बघायचं. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर इनपुट ०.६ अँपिअर लिहिलंय, ते २३० व्होल्टने गुणलं तर १३८ येतात. राउटर एवढा कधीच खात नाही. तो आकडा १०० व्होल्टच्या सप्लायला कमाल किती लागेल याचा असतो. अ‍ॅडॅप्टरचं आउटपुट धरावं: १२ व्होल्ट गुणिले १.५ अँपिअर, म्हणजे १८ वॅट. सगळं मिळून ६१८ वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण २.७ अँपिअर.

मग प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर एकेक उपकरण तपासलं. कन्सोल मेनूवर असताना ५५ वॅट घेतो आणि जड गेममध्ये २०५ पर्यंत जातो. टीव्ही एरवी ९५ वर असतो, उजळ एचडीआर दृश्य आलं की १६०. साउंडबार मोठ्या आवाजातही ३५ च्या वर गेला नाही. राउटर ९. चौघांचे सर्वांत मोठे आकडे एकाच क्षणी आले असं धरलं तरी ४०९ वॅट होतात, म्हणजे १.८ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॅटच्या आसपास येते. तासन् तास चालणारा लोड त्याच्या ८० टक्क्यांत ठेवायचा असं मी धरून चालतो, म्हणजे ११०० वॅट. आपण त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

एवढं कळल्यावर बहुतेक जण थांबतात, पण खरी तपासणी इथूनच सुरू होते. चारही उपकरणांचा करंट शेवटी एकाच जागेतून जातो: बोर्डाचा प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये बसतो तिथून. पिन आणि आतली पितळी पट्टी यांची पकड घट्ट असेल तर तिथला रोध नगण्य असतो. पकड सैल झाली, पट्टी काळवंडली, की रोध वाढतो आणि त्याच जागी उष्णता तयार होते. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा सैल जोडाचा रोध ०.१ ओम आहे. १.८ अँपिअरला तिथे जेमतेम ०.३ वॅट उष्णता होते, हाताला काही जाणवत नाही. आता बोर्डातल्या रिकाम्या जागेत कोणी १००० वॅटची इस्त्री लावली, की करंट ६.१ अँपिअर होतो आणि त्याच जोडावर ३.७ वॅट. करंट सुमारे ३.४ पट झाला की उष्णता सुमारे साडेअकरा पट! एवढ्याशा पितळेवर आणि प्लास्टिकवर ती तासभर साचत राहिली की प्लास्टिक पिवळं पडतं, मऊ होतं, पकड आणखी सैल होते, आणि रोध अजून वाढतो.

यात बोर्डावरच्या ओव्हरलोड बटणाचा किंवा एमसीबीचा भरवसा धरता येत नाही. ते करंट किती जातो एवढंच पाहतात. १.८ अँपिअर हा त्यांच्या दृष्टीने अगदी व्यवस्थित करंट आहे, मग जोड कितीही तापलेला असो. ६ अँपिअरचं बटण ६.१ ला लगेच पडतही नाही, तेवढी सूट त्याच्या रचनेतच असते. सैल जोड शोधायला आपला हातच लागतो.

म्हणून जड गेम तासभर चालवला, मुख्य स्विच बंद केला, प्लग काढला आणि पिनांना लगेच हाताची मागची बाजू लावून पाहिली. एक पिन स्पष्ट गरम होती, दुसरी थंड. १.८ अँपिअरला पिन गरम लागावी म्हणजे रोध ०.१ ओमपेक्षा बराच जास्त असणार. दोष बोर्डात आहे की भिंतीत हे कळावं म्हणून तोच बोर्ड, तोच लोड दुसऱ्या सॉकेटवर तेवढाच वेळ चालवला. दोन्ही पिना थंड. म्हणजे दोष भिंतीतल्या सॉकेटचा. इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून सॉकेट उघडला, तर फेजच्या पट्टीचा स्क्रू सैल होता आणि शेजारचं वायरचं आवरण तपकिरी झालेलं होतं. वायरचं टोक कापून नवं केलं, सॉकेट बदलला आणि तीच चाचणी परत घेतली. आता दोन्ही पिना खोलीच्या तापमानाला आहेत.

आता बोर्ड. माझ्या निवडीत सर्वांत आधी वायर येते. वायरवर जाडी छापलेली असते: ३ × ०.७५ म्हणजे तीन तारा, प्रत्येकी ०.७५ चौरस मिमी. ६ अँपिअरसाठी ती चालते, पण मी १ चौरस मिमीची घेतली, कारण बोर्ड बारा महिने मागे दबलेला असतो. जाडी छापलेली नसेल तर तो बोर्ड घेऊ नये. लांबी लागेल तेवढीच ठेवावी, कारण गुंडाळी करून बांधलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. सगळ्या देशांच्या पिना बसतील असे मोठे भोक असलेले सॉकेट टाळले, त्यांची पकड सैल असते. अर्थिंगची पिन खरी हवी, कारण सर्ज प्रोटेक्शनचा काही भाग अर्थिंगवरच चालतो. सर्ज प्रोटेक्शनमधला घटक प्रत्येक झटक्यागणिक झिजतो, म्हणून त्याचा वेगळा दिवा बघायचा: तो विझला की बोर्ड वीज देत राहतो, संरक्षण मात्र संपलेलं असतं.

शेवटचा निकष होता प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र स्विच. एकच मोठा स्विच असला की रात्री टीव्ही बंद करताना राउटरही जातो, आणि रेस्ट मोडमध्ये अपडेट उतरवत असलेल्या कन्सोलची वीज मध्येच तुटते. शिवाय चारही उपकरणं एकदम चालू केली तर त्यांचे कपॅसिटर क्षणभर बराच मोठा करंट खेचतात आणि स्विचच्या आत ठिणगी पडते. आता एकेक स्विच दाबतो.

बोर्डावर दोन सॉकेट रिकामे आहेत, त्यांवर झाकणं बसवली आहेत. त्यातल्या एकात पुढे सबवूफर येईल. त्याच्या लेबलावर ८० वॅट आहे, म्हणजे एकूण ४८९ वॅट, २.१ अँपिअर. तो लावल्यावर तासभर चालवून पिना परत तपासेन.