‘प्रशासकीय कारणास्तव’ : माझ्या बदलीच्या आदेशाने शिकवलेला कायदा

नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी दुपारी माझ्या हातात बदलीचा आदेश पडला आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला एकतर्फी कार्यमुक्तही करण्यात आले. मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात गट-ब संवर्गातील अधिकारी होतो आणि त्या पदावर मला जेमतेम सतरा महिने झाले होते. आदेशात कारण म्हणून दोनच शब्द होते : प्रशासकीय कारणास्तव. पुढचे आठ महिने मी या दोन शब्दांच्या मागे काय आहे ते शोधण्यात घालवले, आणि ‘कलरेबल एक्सरसाइज ऑफ पॉवर’ म्हणजे अधिकाराचा छद्मी वापर, तसेच ‘फ्रॉड ऑन स्टॅच्यूट’ म्हणजे कायद्याशी केलेले कपट, या दोन संकल्पना मला त्या निमित्ताने समजल्या. मी कायद्याचा पदवीधर नाही, त्यामुळे मला जशा समजावून सांगाव्या लागल्या तशाच त्या येथे मांडतो.

बदलीच्या तीन आठवडे आधी माझ्यासमोर दुरुस्तीच्या एका कामाची नस्ती आली होती. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला निविदा काढावी लागते; हे काम त्या मर्यादेच्या बरेच वर होते, म्हणून त्याचे पाच तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसवला होता. एकच इमारत, एकच छत, एकाच दिवशी केलेली पाच अंदाजपत्रके. मी ‘कामाचे तुकडे पाडलेले दिसतात, एकत्रित प्रस्ताव सादर करावा’ असा शेरा मारून नस्ती परत पाठवली. कायद्याशी कपट म्हणजे काय याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला आजही सुचत नाही. पाचांपैकी कोणताही एक कागद वेगळा काढून पाहिला तर त्यात नियमाचे अक्षरही मोडलेले नसते, पण पाचही शेजारी ठेवले की नियम ज्यासाठी केला होता तेच बुडालेले असते.

अशा कपटाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याकडे न्यायालयासमोर आणणारे गृहस्थ पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक होते. डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या अध्यादेशांचा अभ्यास केला आणि त्यांच्या असे लक्षात आले की 1967 ते 1981 या काळात तेथे 256 अध्यादेश पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवण्यात आले होते, त्यांपैकी काही तर चौदा वर्षांपर्यंत. अध्यादेश ही तातडीची सोय आहे. विधिमंडळाची बैठक पुन्हा सुरू झाल्यानंतर सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो, आणि पुढे चालवायचा असेल तर विधिमंडळाकडून रीतसर कायदा करून घ्यावा लागतो. प्रत्येक नवा अध्यादेश एकटा पाहिला तर वैध दिसत होता. सगळे मिळून मात्र विधिमंडळाला बाजूला सारत होते. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला राज्यघटनेशी केलेले कपट म्हटले.

येथे ‘कपट’ या शब्दाने माझा बराच काळ गैरसमज झाला होता. लाच, खोटी सही किंवा फसवणूक सिद्ध करावी लागेल असे मी धरून चाललो होतो. माझ्या वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत तो दूर केला. त्या म्हणाल्या, “तुम्ही गावाला जाताना शेजाऱ्यांकडे घराची किल्ली देता, झाडांना पाणी घालायला. त्यांनी तुमची एकही वस्तू चोरली नाही, पण स्वतःच्या पाहुण्यांना आठ दिवस तुमच्या घरात उतरवले, तर किल्ली खोटी होती का? किल्ली तुम्हीच दिली होती. ती कशासाठी दिली होती एवढेच विचारायचे.” अधिकाराचा छद्मी वापर म्हणजे नेमके हेच. अधिकार खरा असतो, तो वापरणारी व्यक्तीही योग्य असते, पण कायद्याने तो ज्या हेतूसाठी दिला त्याऐवजी तो दुसऱ्याच कामासाठी वापरला जातो आणि वर मूळ हेतूचा रंग फासला जातो. वापरणाऱ्याचा खिसा गरम झालाच पाहिजे असे नाही. त्याला आपण चांगलेच काम करतो आहोत असे वाटत असले तरीही आदेश टिकत नाही.

मग माझ्या प्रकरणात किल्ली कोणती होती? महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा 2005 चा अधिनियम आहे. त्यानुसार माझ्या पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा होता आणि नेहमीच्या बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात, करायच्या असतात. त्याआधी कोणाला हलवायचे असेल तर कलम 4 चे पोटकलम 5 लागू होते : प्रकरण विशेष असले पाहिजे, कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेतली पाहिजे. कायद्याने दार बंद केले आहे आणि त्यात एक लहान खिडकी ठेवली आहे. खिडकीतूनच रोज ये-जा सुरू झाली तर दार बंद करण्याला काही अर्थ उरत नाही.

अशा बदलीविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, दाद मागता येते. माझी इच्छा होती की न्यायाधिकरणाने त्या पाच अंदाजपत्रकांपासूनच सुरुवात करावी. मॅडमनी ते नाकारले. व्यक्तिगत आकसाचा आरोप करायचा तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला नावानिशी प्रतिवादी करावे लागते, त्याला उत्तराची संधी मिळते, आणि सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. तो भार फार जड असतो असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रॉयप्पा प्रकरणात म्हटले आहे, आणि ते प्रकरणही एका वरिष्ठ अधिकाऱ्याला मुख्य सचिव पदावरून हलवण्याचेच होते. माझ्याकडे एका शेऱ्याखेरीज काय होते? “मनात काय होते ते आपल्याला दाखवता येणार नाही. कागदावर काय आहे ते दाखवू,” असे त्या म्हणाल्या. मला तेव्हा ते माघार घेतल्यासारखे वाटले होते.

माहिती अधिकारात मी दोन गोष्टी मागितल्या : टिप्पणीसह बदलीची संपूर्ण नस्ती, आणि बदलीआधीच्या तीन महिन्यांच्या आवक नोंदवहीच्या छायाप्रती. दुसरी मागणी मॅडमनी सुचवली होती आणि तेव्हा मला ती अनावश्यक वाटली होती. अठ्ठाविसाव्या दिवशी कागद मिळाले. नस्तीतले पहिले पान एका दुसऱ्या अधिकाऱ्याचा विनंती अर्ज होते, त्यावर 8 नोव्हेंबरचा शिक्का होता, आणि त्यांना माझेच पद हवे होते. 9 तारखेच्या टिप्पणीत लिहिले होते की ‘सदर विनंती विचारात घेता उक्त पद रिक्त करून देणे आवश्यक आहे’. 14 तारखेला आदेश निघाला होता. शेवटच्या पानावर वरिष्ठांची मान्यता होती, 20 तारखेची, ‘कार्योत्तर मान्यता देण्यात येत आहे’ अशा शब्दांत.

हे पान मी पुनःपुन्हा वाचले. पूर्वमान्यता नव्हती, हा एक दोष झाला. तो प्रक्रियेचा होता आणि तारखांवरूनच दिसत होता. पण 9 तारखेच्या टिप्पणीत त्याहून खोल गोष्ट होती. त्या अधिकाऱ्याने विनंती करण्यात काहीच गैर नाही आणि मे महिन्यात जागा रिकामी झाली असती तर ती त्यांना देता आली असती. मात्र विशेष प्रकरणासाठी ठेवलेला अधिकार माझ्यावर वापरला गेला तो माझ्या बाबतीत काही विशेष घडले म्हणून नव्हे, तर दुसऱ्याची सोय करण्यासाठी. ‘प्रशासकीय कारण’ हा वरचा रंग होता, आणि तो खरवडायला कोणाच्या मनात शिरण्याची गरज पडली नाही.

मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल केल्यावर अंतरिम स्थगिती मिळाली नाही, कारण मी कार्यमुक्त झालो होतो आणि नवे अधिकारी माझ्या जागी रुजूही झाले होते. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी हे लक्षात ठेवावे की येथे एकेक दिवस मोजला जातो. मी अर्ज दाखल करण्याआधी पाच आठवडे घालवले होते.

शासनाच्या उत्तरादाखल प्रतिज्ञापत्रात तिसरेच कारण आले : माझ्याविरुद्ध तक्रारी होत्या. हे कारण आदेशात नव्हते आणि टिप्पणीतही नव्हते. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले आहे की आदेशाची वैधता त्यातल्या कारणांवरूनच तपासायची, नंतरच्या प्रतिज्ञापत्रातून त्याला नवी कारणे पुरवता येत नाहीत. आणि आता आवक नोंदवही उपयोगी पडली, कारण त्या तीन महिन्यांत माझ्या नावाची एकही तक्रार नोंदलेली नव्हती. मॅडमनी पुढे असेही मांडले की तक्रारी खऱ्या मानल्या तरी शासनाची बाजू सुधारत नाही. 2008 च्या सोमेश तिवारी प्रकरणात निनावी तक्रारीवरून एका अधिकाऱ्याला भोपाळहून शिलाँगला पाठवले होते, चौकशीत तक्रारीत तथ्य आढळले नव्हते, आणि शिक्षेऐवजी केलेली बदली पूर्णतः बेकायदेशीर ठरते असे न्यायालयाने म्हटले. तक्रार असेल तर चौकशी करावी. बदली हे चौकशी टाळण्याचे साधन नव्हे.

न्यायाधिकरणाने सुनावणीत शासनाच्या वकिलांना विचारले की अर्जदाराच्या संदर्भात ‘विशेष’ काय होते ते टिप्पणीतले एक वाक्य दाखवा. ते वाक्य नस्तीत नव्हते. मात्र न्यायाधिकरणाने एक गोष्ट स्पष्टही केली, आणि ती नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही : कोण कोठे नेमावा हे ठरवणे त्यांचे काम नाही, एकाच जागी राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नाही, आणि बदली गैरसोयीची आहे म्हणून ती रद्द होत नाही. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर मला त्याच ठिकाणी पाठवले असते तर माझा अर्ज पहिल्याच तारखेला फेटाळला गेला असता, मग त्यामागे आकस असल्याचा मला कितीही संशय असो.

जुलैमध्ये आदेश रद्द झाला. निकालात ‘छद्मी वापर’ हे शब्द एकदाच आले, आणि पाच अंदाजपत्रकांचा उल्लेख कोठेही नव्हता, कारण आम्ही तो केलाच नव्हता. मी मूळ पदावर रुजू झालो त्या दिवशी ती दुरुस्तीची नस्ती मागवून घेतली. माझ्या शेऱ्याच्या पुढच्या पानावर पाचही कामांना स्वतंत्र मंजुरी दिलेली होती, तारीख 28 नोव्हेंबर, आणि मार्चअखेर पाचही देयके अदा झाली होती.