केसांचा ऑरेंज मारायचा प्रयत्न, लॉग ३: एकाच डोक्यावर तीन वेगळे 'नको असलेले' रंग

मागच्या लॉगमधे सांगितलं होतं तसं ब्लीच झालं, आणि आता खरी मजा (म्हणजे वैताग) सुरू झालीये. टार्गेट आहे लेव्हल ७ चा बेज-अॅश ब्राऊन, थोडा राखाडीकडे झुकणारा पण मेलेला नाही असा. लेव्हल म्हणजे केस किती गडद-फिकट त्याचा आकडा, आकडा मोठा तसे केस फिकट. तयार शेड मिळत नाही म्हणून स्वतः मिक्स करतेय.

आधी आत्ता डोक्यावर काय आहे ते सांगते. केस धुऊन पूर्ण वाळवले, खिडकीशी दिवसाउजेडी बसले, मागे पांढरा कागद धरला आणि बटा उचलून बघितल्या. ओल्या केसांवर बघू नका, ओले केस गडद दिसतात आणि टोन नीट कळत नाही. पिवळ्या बल्बखाली तर अजिबात नको, सगळंच ऑरेंज दिसतं. तर मुळाजवळचा साधारण दोन सेंटिमीटरचा भाग फिकट पिवळा निघाला, लेव्हल ९ असेल, कारण टाळूच्या गरमीने ब्लीच तिथे जोरात चालतं. मधला भाग पिवळट-ऑरेंज, लेव्हल ७-८. टोकं मात्र हट्टी, तिथे मागच्या वर्षीचा जुना बॉक्स कलर आहे, तो निघतच नाही, लालसर-ऑरेंज, लेव्हल ६ च्या आसपास.

आता कलर व्हील. पिवळ्याच्या समोर जांभळा, ऑरेंजच्या समोर निळा, लालच्या समोर हिरवा, हे सगळ्यांना पाठ असतं आणि मलाही होतं, तरी मी गेल्या वेळी "माझे केस ऑरेंज आहेत ना, मग निळा" असं म्हणून अख्ख्या डोक्याला निळ्या बेसचं अॅश लावून मोकळी झाले होते. मुळाशी शेवाळ आलं. मधे ठीक, टोकाला काहीच नाही. तेव्हा जे समजलं नव्हतं ते या वेळी समजलं की 'ऑरेंज' हा एक रंग नाहीचे. ऑरेंज म्हणजे पिवळा अधिक लाल, आणि त्या दोघांचं प्रमाण प्रत्येक बटेत वेगळं. पिवळा जास्त असेल तर व्हीलवर समोर येतो निळा-जांभळा, लाल जास्त असेल तर समोर येतो निळा-हिरवा. बरोब्बर मधल्या ऑरेंजलाच फक्त शुद्ध निळा लागतो, आणि तो तर माझ्या डोक्यात कुठेच नाहीये!

आणि शेवाळ का आलं तेही सोपं आहे. मुळाशी लाल जवळपास नव्हतंच, नुसता पिवळा. त्यावर निळा टाकला की पिवळा अधिक निळा, झाला हिरवा. शाळेतलं वॉटरकलर.

ट्यूबवरच्या नंबरांबद्दल एक गोष्ट. पॉइंटच्या आधीचा आकडा लेव्हल, नंतरचा टोन. माझ्या ट्यूबमधे .१ निळ्या बेसचा अॅश आहे आणि .२ जांभळा, .० म्हणजे नॅचरल. पण सगळ्या ब्रँडचं सारखं नसतं, एखाद्याचा .१ हिरव्याकडे झुकतो तर एखाद्याचा जांभळ्याकडे, त्यामुळे माझं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. आपल्या ब्रँडचा चार्ट बघून बेस कुठला ते शोधा, नाहीतर सगळं गणित उलटं फिरतं.

शनिवार, सॅम्पलचा दिवस. ब्लीच केल्यावर ट्रिम केलं होतं तेव्हाची टोकं ठेवली होती, मुळाच्या आणि मधल्या भागाच्या मात्र मागच्या बाजूने, दिसणार नाही अशा ठिकाणच्या बारीक बटा कापल्या. प्रत्येक बट दोऱ्याने बांधून दोऱ्याला कागदाची चिठ्ठी लावली. चिठ्ठी लावाच, दहा मिनिटांनी सगळ्या बटा चिखलासारख्या सारख्याच दिसतात. मिक्स प्रत्येक वेळी ४ ग्रॅम क्रीमचा केला, डेव्हलपर १.९ टक्केवालं, ट्यूबवर सांगितलं तसं दुप्पट म्हणजे ८ ग्रॅम. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, चमच्याने हे होत नाही, पुढे कळेल का.

पहिल्यांदा मुळाची बट. पिवळा आहे म्हणून सरळ ४ ग्रॅम ७.२ लावला. पंधरा मिनिटांनी धुऊन वाळवली तर बट मस्त जांभळट-करडी, जुन्या लोकरीसारखी. पिवळा गेला पण त्याच्या जागी जांभळा उरला. माझा अंदाज असा की फिकट पिवळ्याला मारायला फिकट जांभळा पुरतो, आणि मी लेव्हल ७ एवढा गडद जांभळा ओतला, म्हणजे उरलेला सगळा वर दिसणार. रंग समोरासमोर असणं पुरेसं नाही, जोरही सारखा लागतो. शिवाय लेव्हल ९ वरून ७ ला आणायचं म्हणजे गडद करायचंय, तिथे थोडा गरम म्हणजे सोनेरी-लालसर टोन मुद्दाम लागतो, नाहीतर ब्राऊन ब्राऊन न वाटता राख वाटतो. म्हणून पुढच्या बटेला ३ ग्रॅम ७.० आणि १ ग्रॅम ७.२. हे जमलं! उन्हात धरली तर बेज, सावलीत थोडी थंड. हाच ठेवला.

मधली बट. पिवळट-ऑरेंज, म्हणजे निळा-जांभळा. ३ ग्रॅम ७.१ आणि १ ग्रॅम ७.२. पहिल्या फटक्यात बरोबर, आणि हे बघून मला थोडं हसूच आलं कारण मागच्या वेळी मी यासाठी दोन आठवडे डोकं फोडलं होतं. पडताळणी म्हणून अर्धा-अर्धा करून बघितलं, २ आणि २. ती बट गंजलेली दिसली, तांबूस. कारण जांभळ्यात लाल असतो की! ऑरेंजमधे लाल आधीच आहे, त्यात जांभळ्यातून अजून लाल गेला आणि मारायला निळा कमी पडला. जांभळा शाम्पू लावून ऑरेंज जात नाही म्हणून जे लोक रडतात त्यांचं कारण बहुतेक हेच.

टोकांची बट. इथे माझा सगळा माज उतरला. नुसता ७.१ लावला तर बट थोडी मंद झाली पण विटकरी छटा तशीच. लाल जास्त, म्हणजे हिरवा पाहिजे. माझ्याकडे ग्रीन मिक्सटोन आहे, म्हणजे मिक्समधे थोडासा टाकायचा नुसता हिरवा, तो प्रचंड स्ट्राँग असतो, ट्यूबमधून काढताना काळाच दिसतो. ४ ग्रॅम ७.१ मधे ०.४ ग्रॅम टाकला. सरळ शेवाळ, आणि वर गडद. मग ०.१ ग्रॅम टाकला, काट्याने जेवढं दाखवता येतं त्यातला सगळ्यात छोटा आकडा, चाकूच्या टोकावर घेतला. धुऊन वाळवल्यावर विटकरी गेलं, थोडासा गरम ब्राऊन राहिला आणि मला तेच हवंय कारण खाली लेव्हल ६ आहे. ०.१ आणि ०.४ मधला फरक चमच्याने कसा मोजणार, सांगा.

हो, एक मर्यादा इथेच सांगून टाकते. टोनर, म्हणजे हे माझे मिक्स, नको असलेला रंग मारतो, उजळ करत नाही. लेव्हल ६ च्या ऑरेंजमधे कितीही निळा टाका, तो सिल्व्हर किंवा बेज ब्लाँड होणार नाही, होईल तो ब्राऊनच, आणि आधीपेक्षा किंचित गडद दिसेल कारण चमकणारा गरम टोन गेला. माझ्या टोकांना ७ दिसायचं असेल तर ब्लीच अजून एकदा लागेल, ते मी करणार नाहीये, आधीच टोकं ओढली की रबरासारखी ताणतात. थोडी गडद टोकं चालतील.

रविवार, प्रत्यक्ष डोक्यावर. (अॅलर्जीचा पॅच टेस्ट ४८ तास आधी कानामागे करून ठेवला होता, विसरू नका.) सॅम्पलचं प्रमाण पाचपट केलं, म्हणजे मुळाला १५ ग्रॅम ७.० आणि ५ ग्रॅम ७.२, मधल्याला १५ ग्रॅम ७.१ आणि ५ ग्रॅम ७.२, टोकांना २० ग्रॅम ७.१ आणि ०.५ ग्रॅम ग्रीन. तीन वाट्या, तीन ब्रश, वाट्यांवर टेप लावून नावं. आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मुळं, कारण मुळं पटकन पकडतात. जिथे दोन मिक्स भेटतात तिथे बोटांनी चोळून एक बोटभर मिसळले, नाहीतर पट्टा दिसतो.

बघायचं कसं तर क्रीमचा रंग बघून काही कळत नाही, क्रीम जांभळी झाली म्हणजे केस जांभळे झाले असं नाही. मी दर पाच मिनिटांनी एक बट टिश्यूने स्वच्छ पुसून बघत होते. मुळं दहाव्या मिनिटाला झाली, पंधरा ठेवली असती तर राख झाली असती बहुतेक. मधला पंधराव्या मिनिटाला. टोकांना वीस दिले. मुळांचा भाग आधी ओल्या कपड्याने पुसून घेतला, बाकीचं तसंच ठेवलं, मग शेवटी सगळं एकदम धुतलं.

निकाल: मधला भाग अगदी हवा तसा. मुळं छान, फक्त कपाळाजवळच्या बारीक केसांवर किंचित जांभळी झाक आहे, ते केस पातळ आणि जास्त पोरस, तिथे ७.२ निम्मा करायला हवा होता. टोकं अर्धा लेव्हल गडद, ऊन पडलं की जरा तांबूस, पण विटकरी नाही.

आज तीन धुणी झालीत. कपाळावरची जांभळी झाक पहिल्याच धुण्यात गेली. मुळाशी पिवळा हळूच डोकावायला लागलाय, त्यासाठी जांभळा शाम्पू फक्त मुळांना दोन मिनिटं लावतेय, मधल्या भागाला मुद्दाम नाही. टोकांचा गरमपणा कालपासून थोडा वाढलाय. पुढच्या लॉगमधे टोकांसाठी ०.५ च्या ऐवजी ०.७ ग्रॅम ग्रीन करून बघते, पण आधी बटेवर.