अर्धवट उघडणारी पानं आणि एमटीयूचे आठ बाइट

नवा राउटर लावल्यापासून काही साइट झटकन उघडायच्या, तर काहींचं वरचं शीर्षक दिसून बाकीचं पान नुसतं फिरत राहायचं. पिंग व्यवस्थित, डीएनएस व्यवस्थित, स्पीड टेस्टही चांगली. एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन व्हायचं, पण `ls -l` ची लांबलचक यादी मागवली की सत्र गोठायचं. छोटं पॅकेट जातं आणि मोठं अडतं, हे इथेच लक्षात आलं.

लाइन पीपीपीओईची होती. इथरनेटच्या फ्रेममध्ये 1500 बाइट मावतात, त्यातले 8 पीपीपीओई स्वतःच्या हेडरसाठी घेतं, म्हणून उरतात 1492. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये मात्र एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 1500 होता. खात्रीसाठी पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून पिंग केलं:

```
ping -M do -s 1472 1.1.1.1
ping -M do -s 1464 1.1.1.1
```

विंडोजवर हेच `ping -f -l 1472` असं लिहितात. या आकड्यात आयपी आणि आयसीएमपीचे 28 बाइट मिळवायचे असतात. 1472 ला काहीच उत्तर नाही, एररसुद्धा नाही. 1464 ला लगेच उत्तर. 1464 अधिक 28 म्हणजे बरोबर 1492.

खरं तर पॅकेट मोठं पडलं की वाटेतल्या राउटरने आयसीएमपी निरोप धाडायचा आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करायचा, अशी सोय आहे. पण कित्येक फायरवॉल आयसीएमपी सरसकट अडवतात. मग सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि इकडे पान अर्ध्यावर लटकतं. आयसीएमपी असं सरसकट बंद करणं मला चुकीचंच वाटतं.

राउटरमध्ये वॅनचा एमटीयू 1492 केला आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू असल्याची खात्री केली. घरातल्या संगणकांचा एमटीयू 1500 च राहतो, त्याला हात लावावा लागत नाही. क्लॅम्पिंगमुळे टीसीपी जोडणी होतानाच राउटर दोन्ही बाजूंना 1452 बाइटची मर्यादा कळवतो (1492 वजा आयपी आणि टीसीपी हेडरचे 40), त्यामुळे सर्व्हर मोठं पॅकेट पाठवतच नाही. अडकणारी पानं उघडू लागली.

वायरगार्ड व्हीपीएन चालू केला की मात्र तोच त्रास परत. त्याने लॅपटॉपचे 1500 पाहून स्वतःसाठी 1420 धरले होते. पलीकडे पीपीपीओई आहे हे त्याला कुठून कळणार? आमचा व्हीपीएन सर्व्हर आयपीव्ही6 वर आहे, तिथे वायरगार्डचं वेष्टन 80 बाइटचं. 1420 अधिक 80 पुन्हा 1500. म्हणून 1492 मधून 80 वजा केले आणि लॅपटॉपवरच्या कॉन्फिगमध्ये `[Interface]` खाली ही ओळ घातली:

```
MTU = 1412
```

सर्व्हर आयपीव्ही4 वर असता तर वेष्टन 60 बाइटचं, तेव्हा 1420 सुद्धा चाललं असतं. काही जण सरळ 1280 टाकून मोकळे होतात. तेही चालतं, पण प्रत्येक पॅकेटमध्ये डेटा कमी मावतो. पिंगने मोजून नेमका आकडा मिळत असताना मी 1280 टाकत नाही.