१८ ट्रॅकचे दोन मार्क

आज ओएसचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेपर झाला आणि घरी रामबागेत येईपर्यंत डोक्यात तोच डिस्कचा प्रश्न फिरत होता, म्हणून लिहून टाकतेय. ट्रॅक ० ते १९९, डिस्क वाचणारा हेड १०० वर, आधीची रिक्वेस्ट ९२ वर, आणि क्यू ९५, १९०, ३०, १०६, ८४, १३०. एसएसटीएफ, म्हणजे दर वेळी सगळ्यात जवळची रिक्वेस्ट आधी, आणि स्कॅन, म्हणजे एका दिशेने जाऊन मग वळणं, दोन्हीचं एकूण हेड मूव्हमेंट काढा आणि तुलना करा.

एसएसटीएफ आधी केलं. सगळ्यात जवळचं ९५, तिथून १०६ आणि ८४ दोन्ही ११ वरच, मी वरचं १०६ घेतलं, मग ८४ (१३० फक्त दोनने लांब होतं, इथे मी सुद्धा जरा अडखळले), मग १३०, १९० आणि शेवटी ३०. बेरीज ५ + ११ + २२ + ४६ + ६० + १६० = ३०४.

स्कॅनला दिशा लागते, ती दिलेलीच नाही असं वाटून पोटात गोळा आला, पण ९२ वरून १०० वर आलाय म्हणजे वरच जातोय ना! म्हणून १०० ते १९०, मग वळून ३०. ९० + १६० = २५०. झालं?

इथेच घोळ. एसएसटीएफ नेहमी कमीच यायला हवं असं डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे ३०४ चुकलंय असं धरून ते तीनदा परत केलं, दहा मिनिटं गेली, आणि ३०४ बरोबरच होतं. एसएसटीएफ फक्त पुढचा एक जवळचा बघतो, पुढे काय वाट बघतंय ते नाही. दिवाळीत बाबांनी फराळाचे डबे असेच वाटले होते, जवळचं घर आधी करत करत विजयनगरला पोचले आणि मग आठवलं की सुदामानगरची आत्या राहिलीच! तसंच हे ३०. सुरुवातीला ७० ट्रॅक लांब होतं, आणि शेवटी १६० चालून गाठलं.

आणि ज्याच्यावर शंकाच घेतली नाही ते स्कॅन मात्र चुकलं. आमच्या पुस्तकाप्रमाणे स्कॅन टोकापर्यंत जातो, म्हणजे १९९ ला टेकून वळतो, शेवटच्या रिक्वेस्टवरूनच वळला तर तो लुक. ९९ + १६९ = २६८. फरक १८, म्हणजे १९० ते १९९ हे ९ ट्रॅक जाताना आणि येताना. हे बाहेर पायऱ्यांवर मैत्रिणीने सांगितलं, ती म्हणाली, "अगं तू लुकच केलंस की!"

तुलनेत मी लिहिलं की इथे एसएसटीएफ जास्त फिरतो कारण तो मध्येच मागेपुढे करत बसतो, ते बरोबर आहे, २६८ धरलं तरी निष्कर्ष तोच. मार्क किती कापतील कोण जाणे. आई पोहे परततेय, उद्या डीबीएमएस आहे.