सप्ताहाच्या बॅनरवरचा तिरका क्यूआर कोड: कातरण्यापासून वाचेपर्यंतची नोंद

फोटो असा आहे: लातूरकडच्या एका गावात दोन लिंबाच्या झाडांमध्ये दोरीने ताणलेला हरिनाम सप्ताहाचा भगवा फ्लेक्स. उजव्या कोपऱ्यात जागेच्या नकाशाचा क्यूआर कोड, मागे पांढरा चौकोन न ठेवता थेट भगव्यावर काळा छापलेला. फोटो खालून आणि जरा डावीकडून काढलेला, वर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला. फोनचा स्कॅनर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

पहिला उपाय सगळेच करतात तो, म्हणजे कातरून मोठे करणे. २६० बाय २५० पिक्सेलचा तुकडा निघाला. त्यात कोडची वरची कड साधारण १३० पिक्सेल आणि खालची १५९, म्हणजे वरचे एक घर, कोडमधला एक छोटा काळा-पांढरा चौकोन, जेमतेम ४ पिक्सेलचे आणि खालचे पावणेपाचचे. एवढ्यावर काम होते. घर २ पिक्सेलच्या खाली गेले की शेजारचे काळे-पांढरे एकमेकांत मिसळतात आणि पुढची सगळी खटपट वाया जाते. म्हणून कातरल्यावर आधी घर मोजावे. मूळ फोटो मिळण्यासारखा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि दाबलाही जातो.

कातरताना कडेला भरपूर जागा ठेवली, ती मुद्दाम. कोडला लागून कातरले तर पुढे सरळ करताना कोपरे तुकड्याबाहेर पडतात.

घरे किती, हे आधी

सरळ करायचे तर कोड किती घरांचा आहे हे कळायला हवे. क्यूआरचा सर्वात लहान प्रकार २१ बाय २१ घरांचा असतो आणि पुढचा प्रत्येक प्रकार चार-चार घरांनी वाढतो. सगळी घरे मोजत बसायची गरज नाही. वरच्या दोन डोळ्यांच्या (तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींना आपण डोळेच म्हणतो) खालच्या कडा जोडणाऱ्या ओळीत एक काळे, एक पांढरे अशी ठिपक्यांची रांग असते. त्या रांगेतले दोन डोळ्यांमधले काळे ठिपके मोजायचे, दुप्पट करायचे आणि १५ मिळवायचे. इथे ९ ठिपके आले, म्हणजे ३३ घरे, चौथा प्रकार. उभी रांगही मोजून पाहिली, तीही ९. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर एखादा ठिपका धुरकटला आहे असे समजून पुन्हा मोजावे.

तीन डोळे पुरत नाहीत

दुसरा प्रयत्न तीन डोळ्यांच्या मध्यांवरून केला. डोळे ठळक असतात, म्हणून मोह होतो. पण तीन बिंदूंवरून चौकोन फक्त फिरवता, ताणता आणि कलता करता येतो. समोरासमोरच्या कडा समांतरच राहतात. खालून काढलेल्या फोटोत मात्र वरची कड लांब गेल्यामुळे आखूड झालेली असते. ती दुरुस्त करायला चौथा बिंदू लागतो.

चूक किती होते ते मोजता आले. तुकडा चौपट मोठा केल्यावर डोळ्यांचे मध्य असे आले: वरचा डावा (२९९, २५७), वरचा उजवा (७१६, २९१), खालचा डावा (२७४, ७२२). यांवरून समांतर हिशेबाने खालच्या उजव्या बाजूची छोटी खूण (६४६, ६९८) च्या आसपास यायला हवी होती. ती प्रत्यक्षात दिसते (७०७, ६५४) वर. फरक ७५ पिक्सेलचा, आणि या मोठ्या केलेल्या तुकड्यात एक घर सुमारे १८ पिक्सेलचे. म्हणजे त्या कोपऱ्यात वाचन चार घरे चुकते. चार घरे चुकल्यावर कोडमधली चुका भरून काढणारी कोणतीही दुरुस्ती-संहिता कामाला येत नाही.

चौथा बिंदू म्हणजे हीच छोटी खूण. पाच बाय पाचची चौकट आणि मधोमध एक काळे घर. सर्वात लहान प्रकार सोडला तर ती सगळ्या क्यूआरमध्ये असते आणि तिचा मध्य उजव्या व खालच्या कडेपासून सातव्या घरात असतो. पुढच्या मोठ्या प्रकारांत अशा खुणा अनेक असतात, पण कोपऱ्याजवळची सातव्या घरातच सापडते.

कागद सरळ करणाऱ्या फोनच्या अ‍ॅपमध्ये चार कोपरे ओढून बसवतात, तिथे घोळ होतो तो याच बाजूला. खालच्या उजव्या कोपऱ्यात डोळा नसतो आणि तिथली शेवटची घरे पांढरी असली तर कोपरा नेमका कुठे हे दिसतच नाही. अंदाजाने बोट ठेवले की एक-दोन घरे सहज सरकतात. कोपऱ्यांपेक्षा मध्य भरवशाचे.

डोळ्याचा मध्य टिपतानाही एक बारकावा आहे. आतल्या काळ्या गाभ्याचे (तो तीन बाय तीन घरांचा असतो) कर्ण जिथे छेदतात तो बिंदू घ्यावा. डागाचा सरासरी मध्य काढला तर तिरक्या फोटोत तो जवळच्या, म्हणजे मोठ्या दिसणाऱ्या बाजूला किंचित ओढला जातो.

सरळ करणे

एक घर १२ पिक्सेलचे ठरवले. भोवती चार घरांची मोकळी कड धरून ४१ घरे, म्हणजे ४९२ पिक्सेलचा चौरस. डोळ्याचा मध्य कोडच्या कडेपासून साडेतीन घरांवर असतो. त्यात कडेची चार मिळवून साडेसात, गुणिले १२, म्हणजे ९०. बाकीचे आकडे असेच निघतात.

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("katran.png")[:, :, 2]
g = cv2.resize(g, None, fx=4, fy=4,
               interpolation=cv2.INTER_CUBIC)
src = np.float32([[299,257],[716,291],[274,722],[707,654]])
dst = np.float32([[90,90],[402,90],[90,402],[366,366]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
w = cv2.warpPerspective(g, M, (492, 492), borderValue=255)
```

दुसऱ्या ओळीच्या शेवटचा `2` म्हणजे लाल रंगाचा थर. ओपनसीव्ही, म्हणजे इथली `cv2` ही चित्रांची लायब्ररी, निळा, हिरवा, लाल या क्रमाने थर ठेवते. भगवा साध्या करड्यात आणला की मध्यम राखाडी दिसतो आणि काळ्याशी त्याचा फरक घटतो. लाल थरात तोच भगवा जवळजवळ पांढरा होतो. जेपीजी रंगाचा तपशील कमी ठेवते, त्यामुळे कडा थोड्या मऊ येतात, पण या बॅनरवर नफा त्याहून मोठा आहे. कोड हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर असता तर हा सौदा तोट्याचा ठरला असता. तिथे त्या-त्या रंगाचा थर घ्यावा.

बिंदूंचा क्रम दोन्ही यादींत सारखाच हवा. वरचा उजवा आणि खालचा डावा यांची अदलाबदल झाली तर चित्र दिसायला सुबक येते, पण आरशातले. क्यूआर वाचणारे काही प्रोग्राम, म्हणजे वाचक, तेही वाचतात, काही अजिबात नाही.

तरीही वाचेना: फ्लेक्सला पोट होते

चौरस छान आला, चारही खुणा जागच्या जागी, तरी क्यूआर वाचणारी `zbarimg` ही आज्ञा गप्प. कारण ठिपक्यांच्या रांगेवर पट्टी धरल्यावर दिसले. वरच्या डोळ्यांजवळ रांग बरोबर, मधे मात्र ७ पिक्सेल खाली झुकलेली. बॅनर झोळीसारखा लोंबला होता. वरचे गणित सपाट पृष्ठभाग धरून चालते, झोळ त्याला कळत नाही.

७ पिक्सेल म्हणजे किरकोळ वाटतात, पण १२ च्या घरात अर्धे ६ वरच संपते. त्यापुढे घराचा मध्य वाचायला गेले की शेजारचे घर हाती येते. ७ चा झोळ असेल तर मधले सुमारे दहा स्तंभ या रेषेपलीकडे जातात. त्यांतली जवळपास निम्मी घरे योगायोगाने शेजाऱ्यासारखीच असतील आणि बरोबर वाचली जातील, पण क्यूआरची दुरुस्ती घरांवर नाही, आठ-आठ घरांच्या गटांवर चालते. गटातले एक घर चुकले तरी अख्खा गट चुकला. ३३ पैकी दहा स्तंभांतले जवळजवळ सगळे गट गेले तर नुकसान ३० टक्क्यांच्या घरात जाते. छपाईत बहुधा वापरली जाणारी दुरुस्तीची मध्यम पातळी सुमारे १५ टक्केच भरून काढते.

खालची कडही तेवढीच झुकलेली होती, म्हणून एकच दुरुस्ती सगळ्या उंचीला चालली. प्रत्येक स्तंभ आपापल्या झोळाएवढा वर उचलायचा: डोळ्यांच्या मध्यांवर शून्य, मधोमध ७.

```python
y, x = np.mgrid[0:492, 0:492].astype(np.float32)
s = 7 * (1 - ((x - 246) / 156) ** 2)
w = cv2.remap(w, x, y + s, cv2.INTER_LINEAR)
```

यात छोटी खूण सुमारे ३ पिक्सेल वर जाते, कारण तिला आपण आधीच जागेवर खिळवले होते. पाव घराची चूक चालून जाते. झोळ मोठा असता, समजा २० पिक्सेल, तर आधी खुणेचा आकडा त्या हिशेबाने बदलून मगच सरळ करावे लागले असते. फ्लेक्सला झोळ नसून चुण्या असतील तर हे सूत्र कामाचे नाही.

काळे-पांढरे, शेवटी

बॅनरच्या वरच्या भागावर उन्हाची चकाकी होती. एकाच उंबरठ्याने काळे-पांढरे केले की तिथली काळी घरे उडून जातात, म्हणून स्थानिक उंबरठा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी त्याच्याभोवतीच्या खिडकीतल्या सरासरीवरून ठरणारा. खिडकी ८५ पिक्सेलची, म्हणजे सात घरांची. ३१ ची घेऊन पाहिली तेव्हा डोळ्यांचे गाभे पोकळ झाले. गाभा ३६ पिक्सेलचा असल्यामुळे ती खिडकी पूर्णपणे काळ्यात बसते, सरासरीही काळीच येते आणि मधले पिक्सेल पांढरे ठरतात. गाभा पोकळ झाला की एक-एक-तीन-एक-एक हे प्रमाण मोडते आणि वाचकाला डोळाच सापडत नाही.

```python
b = cv2.adaptiveThreshold(w, 255,
    cv2.ADAPTIVE_THRESH_MEAN_C, cv2.THRESH_BINARY, 85, 8)
b[:48] = 255; b[444:] = 255
b[:, :48] = 255; b[:, 444:] = 255
cv2.imwrite("saral.png", b)
```

मधल्या दोन ओळी कडेची चार घरे पांढरी रंगवतात. बॅनरवर कोडला चिकटून पताकांची नक्षी होती आणि मोकळी कड नसली की बरेच वाचक अडतात. हे रंगकाम सगळ्यात स्वस्त, पण आधी विसरले जाते.

`zbarimg saral.png` ने या वेळी दुवा दिला, ४४ अक्षरांचा. मध्यम पातळीवर तिसऱ्या प्रकारात ४२ बाइट मावतात आणि चौथ्यात ६२. म्हणजे ३३ घरांचा हिशेबही जुळला. दुवा उघडण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर पाहिला. नकाशाचाच होता, पिन सप्ताहाच्या मंडपावर.