बाबांच्या गालावरची न दुखणारी गाठ

दाढी करताना रेझर एका जागी अडकायला लागला, म्हणून बाबांनी मला ती गाठ दाखवली. उजव्या गालावर, कानाच्या जरा पुढे. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, लालसर जांभळी, आणि वरून वार्निश फिरवल्यासारखी चकाकणारी. "दुखतं का?" मी विचारलं. "छे, हात लागला तरी कळत नाही," ते म्हणाले, आणि त्या उत्तरावर आम्ही दोघंही निर्धास्त झालो. आज मागे वळून पाहिलं की त्याच उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

बाबांचं वय तेव्हा 74. जमीन मोजणीच्या कामात सगळी उमेद उन्हात गेलेली. नेहमीच्या डॉक्टरांनी गाठ बोटांत धरून पाहिली, चरबीची असेल किंवा पुळी आत बसली असेल, म्हणाले आणि सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ती गाठ पुढे मर्केल सेल कार्सिनोमा निघाली, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, आणि हा आजार इतका विरळ आहे की अनेक डॉक्टरांना पूर्ण कारकिर्दीत तो एकदाही भेटत नाही. 2008 मध्ये अशा 195 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाठी डॉक्टरांना आधी निरुपद्रवी वाटल्या होत्या, आणि सर्वांत जास्त वेळा केलेला अंदाज साध्या सिस्टचाच होता.

गोळ्या संपल्या, गाठ तशीच. तशीच कसली, मोठी झाली होती. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी गालाला लावून मी फोटो काढला: 9 मिलिमीटर. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला, तर 14. हे दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा पोटात गोळा आला. पू धरलेली पुळी एवढी वाढते तेव्हा ठणकते, गरम लागते, आणि आठ-दहा दिवसांत फुटते किंवा बसते. सिस्टच्या मधोमध बहुतेकदा एक काळसर टिंब दिसतं आणि ती महिनोन् महिने आहे तेवढीच राहते. इथे ना टिंब, ना ठणका. घट्ट, रबरासारखी गाठ, आणि दर आठवड्याला थोडी पुढे सरकणारी.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी फोटो पाहिले, त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप गाठीवर टेकवला आणि गोळ्यांची गोष्टच काढली नाही. "वय, ऊन, वाढीचा वेग आणि न दुखणं, चारही गोष्टी इथे एकत्र आहेत. तुकडा आजच घेऊ." पाचवी गोष्ट त्यांनी विचारून घेतली: प्रतिकारशक्ती दाबणारं काही औषध चालू आहे का? नव्हतं. तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढणं आणि न दुखणं, ही जोडी एकत्र दिसली की बायॉप्सीला थांबायचं नाही, असं त्या म्हणाल्या. सावळ्या त्वचेत हा आजार कमी होतो, पण होतच नाही असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. जागा बधिर करून 4 मिलिमीटरच्या गोल पात्याने, म्हणजे पंचने, तुकडा काढला, एक टाका, दहा मिनिटांचं काम. गाठ पहिल्यांदा दाखवल्यापासून या दहा मिनिटांपर्यंत पोचायला आमचे सात आठवडे गेले होते.

पहिला रिपोर्ट अर्धवटच होता: लहान, गोल, निळ्या पेशींचा ट्यूमर, पुढील स्टेनिंग करावे. फुप्फुसाच्या एका कर्करोगाच्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब अशाच दिसतात, लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोगही असा दिसू शकतो. म्हणून पेशी रंगवून पाहण्याच्या, म्हणजे स्टेनिंगच्या, आणखी चाचण्या झाल्या. पॅथॉलॉजिस्टनी मला मॉनिटरवर स्लाइड दाखवली. जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाला चिकटून एक तपकिरी टिंब, पेनचं टोक टेकवल्यासारखं. सीके-20 नावाच्या प्रथिनाची ही खूण. फुप्फुसाकडे बोट दाखवणारी टीटीएफ-1 ची चाचणी निगेटिव्ह आली. निदान झालं: मर्केल सेल कार्सिनोमा.

ही घाई कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. गाठ गालावर दिसते तेवढीच असते तोवर ती काढता येते. पण या पेशी फार लवकर लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये शिरतात. मानेला हात लावून काहीच लागत नाही अशा रुग्णांपैकीही साधारण एक-तृतीयांश जणांच्या ग्रंथीत पेशी पोचलेल्या सापडतात. म्हणजे दोन महिने वाट पाहिली तर गाठ तेवढी मोठी होते, एवढाच प्रश्न नसतो. तिचा मुक्काम बदलतो.

यानंतर आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. ओळखीतल्या एका सर्जननी "परवा ऑपरेशन करू, गाठ काढून टाकू, बाकीचं नंतर बघू," असं सांगितलं. आम्ही तयारही झालो होतो. कर्करोग शल्यचिकित्सकांनी अडवलं. गाठीभोवतीची त्वचा रुंद कापून शेजारची त्वचा फिरवून लावली, की तिथल्या लसिकावाहिन्यांचे मार्गच विस्कटतात. मग पेशी आधी कुठल्या ग्रंथीत गेल्या असतील, हे नंतर खात्रीने शोधता येत नाही. म्हणून ती पहिली ग्रंथी, सेंटिनल नोड, त्याच ऑपरेशनमध्ये आणि गाठ काढण्याच्या आधी शोधायची. शरीरात आजार आणखी कुठे आहे का हे दाखवणारा पेट-सीटी स्कॅन करून घेतला, त्यात दूर कुठे काही दिसलं नाही. पण स्कॅन स्वच्छ आला म्हणून ग्रंथी तपासायची नाही असं होत नाही, कारण थोड्या पेशी स्कॅनला दिसतच नाहीत.

बायॉप्सीनंतर तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. सकाळी गाठीभोवती किरणोत्सारी द्रव टोचला आणि थिएटरमध्ये पेनासारखा गॅमा प्रोब फिरवून, त्याचा आवाज वाढेल तिथे ग्रंथी शोधली. दोन मिळाल्या: एक कानापुढच्या लाळग्रंथीत, एक मानेत. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस त्या लाळग्रंथीतूनच जाते, त्यामुळे ओठ वाकडा होण्याची शक्यता आधीच सांगितली होती. तसं झालं नाही. गाठीभोवती एक-दोन सेंटिमीटर निरोगी त्वचा काढतात, पण डोळा आणि कान इतके जवळ असले की तेवढी जागाच मिळत नाही. ती कसर रेडिएशनने भरून काढायची ठरली.

कानापुढच्या त्या लसिकाग्रंथीत पेशींचा अगदी बारीक पुंजका सापडला. हाताला न लागणारा, स्कॅनला न दिसलेला. आजार तिसऱ्या टप्प्यात गेला. मला रडू आलं, बाबांनी मात्र विचारलं, "म्हणजे शोधला नसता तर तो तिथेच राहिला असता ना?"

जखम भरल्यावर, पाचव्या आठवड्यात रेडिएशन सुरू झालं. आठवड्याला पाच, असे 25 डोस, गालाला आणि मानेला. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवायचे, तो काढला की बाबांच्या कपाळावर जाळीचे ठसे अर्धा तास राहायचे. तोंड कोरडं पडलं, त्या बाजूची दाढी पुन्हा उगवलीच नाही. आजार आणखी पसरला असता तर अवेलुमॅबसारखी, रोगप्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आहेत. 2017 पासून ती वापरात आली, आणि त्याआधी केमोथेरपीचा परिणाम फार काळ टिकत नसे, हे डॉक्टरांनी तेव्हाच समजावून ठेवलं होतं.

परत उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो, म्हणून दर तीन महिन्यांनी जातो. डॉक्टर आधी मानेवरून बोटं फिरवतात, मग अख्ख्या अंगाची त्वचा बघतात. बाबा आता फक्त डाव्या गालाची दाढी करतात. परवा त्यांनी कानामागची एक जुनी चामखीळ दाखवली आणि मी काही बोलायच्या आत पट्टी पुढे केली. 3 मिलिमीटर. मागच्या महिन्यातही तेवढीच होती. तरी फोटो काढून ठेवला आहे, बुधवारच्या तपासणीत दाखवायला.